जव्हार-मोखाड्याचं माहितीपत्रक इंग्रजीत नेताना

मराठी माहितीपत्रक इंग्रजीत करायला घेतलं की बहुतेक जण पहिल्या वाक्यापासून थेट सुरुवात करतात. घाई असते, छापखान्याची तारीख ठरलेली असते आणि मजकूर तर जेमतेम दोन पानांचा असतो. माझा आग्रह असा आहे की पहिला तासभर एकही इंग्रजी शब्द लिहू नये. मूळ मजकूर कागदावर छापून घ्यावा आणि तीन रंगांची पेन्सिल घेऊन बसावं. जे आज तिथे उभं राहून बघता किंवा मोजता येतं त्याला एक रंग. ज्याची कुठे तरी लेखी नोंद आहे त्याला दुसरा. लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले त्याला तिसरा. एवढं झाल्यावर जे शब्द बिनरंगाचे तसेच उरतात, ते 'नयनरम्य', 'प्राचीन', 'ऐतिहासिक', 'मन मोहून टाकणारं' या जातीचे असतात. प्रचाराचा सगळा भार आपण त्यांच्यावर टाकलेला असतो, आणि इंग्रजीत सगळ्यात आधी तेच गळून पडतात.

जव्हारचंच उदाहरण घेऊ. या भागाची पत्रकं वाचलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल असा एक परिच्छेद इथे मुद्दाम रचला आहे:

'निसर्गाच्या कुशीत वसलेल्या या प्राचीन राजनगरीची स्थापना इ.स. १३४३ मध्ये राजे जयबा मुकणे यांनी केली. बैलाच्या कातड्याएवढी जागा मागून त्यांनी अवघे राज्य मिळवले. सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांनी येथील शिरपामाळ येथे मुक्काम केला व तेथे मानाचा शिरपेच चढवण्यात आला. येथील भव्य व प्राचीन जयविलास राजवाडा पर्यटकांचे मन मोहून टाकतो. मिनी महाबळेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थळाला अवश्य भेट द्या.'

मराठी वाचक हे वाचताना मनातल्या मनात गाळत जातो. कातड्याची गोष्ट ही गोष्ट आहे हे त्याला सांगावं लागत नाही. 'प्राचीन' हे कौतुक आहे, त्यातून वय मोजायचं नसतं, हेही त्याला ठाऊक असतं. इंग्रजी वाचकाच्या हाती ही चाळणी नसते. शिवाय इंग्रजी पत्रक फक्त परदेशी माणूस वाचत नाही. चेन्नईहून, कोलकात्याहून आलेलं कुटुंब वाचतं, वास्तुकलेचे विद्यार्थी वाचतात, पुढे मजकूर लिहिणारे त्यातूनच वाक्यं उचलतात. आपली एक ढिली ओळ अशा रीतीने दहा ठिकाणी पोचते.

आता पहिलं वाक्य. १३४३ हे साल आणि जयबा हे नाव पत्रकांत इतकी जोडीने येतात की शंकाच येत नाही. पण १८८२ साली छापलेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर उघडला की तिथे क्रम निराळा दिसतो. मूळ पुरुषाचं नाव तिथे पौपेरा असं येतं. स्थानिक परंपरा ज्याला जयबा म्हणते तोच हा. जव्हारचं राज्य त्याने मिळवलं. ५ जून १३४३ ही तारीख मात्र त्याचा मुलगा नेमशाह याच्याशी जोडलेली आहे. त्या दिवशी दिल्लीच्या सुलतानाने त्याला राजा म्हणून मान्यता दिली, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे पत्रकाने बापाचं नाव आणि मुलाची तारीख एका वाक्यात बसवली. मराठीत हे चुकून खपून जातं. इंग्रजीत तेच छापलं तर गॅझेटियर चाळलेला पहिलाच वाचक ते पकडतो आणि मग खऱ्या वाक्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

दुरुस्ती साधी आहे. मुकणे घराण्याच्या परंपरेनुसार राज्याचा पाया जयबांनी घातला आणि १३४३ मध्ये नेमशाह यांना दिल्लीची मान्यता मिळाली, अशी दोन वाक्यं करावीत. पहिल्याला 'अकॉर्डिंग टू ट्रॅडिशन' लावावं, दुसऱ्याला 'इज सेड टू हॅव'. एकाच परिच्छेदात तेच शेपूट दोनदा लावलं की मजकूर दबकत चालल्यासारखा वाटतो, म्हणून शब्द बदलावेत. आणि अशी शेपटं फक्त तिसऱ्या रंगाच्या वाक्यांना लावावीत. सगळीकडे लावली तर डोळ्यांनी दिसणारा राजवाडासुद्धा ऐकीव वाटू लागतो.

कातड्याच्या गोष्टीशी जरा थांबायला हवं, कारण या पत्रकातली ती सगळ्यात मोलाची चीज आहे. गोष्ट अशी: जव्हार तेव्हा एका वारली सरदाराकडे होतं. मुकणे वंशाच्या मूळ पुरुषाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदाराने हसत होकार दिला. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्या दोरीने सरदाराचं ठाणंच वेढून टाकलं. वारली सरदाराला पुढे गंभीरगडाकडचा मुलूख दिला, असंही गोष्टीत येतं.

हीच गोष्ट भूमध्य समुद्राच्या काठी कार्थेज नगरी वसवणाऱ्या राणी डायडोबद्दल सांगतात. युरोपातला वाचलेला माणूस ती ओळखणार हे नक्की. आपण ती इतिहास म्हणून छापली तर तो म्हणेल, ही तर उचललेली कथा. तीच लोककथा म्हणून छापली, आणि अशीच कथा कार्थेजबद्दल सांगतात असं अर्धं वाक्य पुढे जोडलं, तर तो थबकून बघेल की सह्याद्रीतल्या एका कोळी राजघराण्याकडे ही कथा कशी. प्रचाराचं काम इथे खरेपणानेच होतं. 'हे खरं घडलं' असा दावा करून मिळालं नसतं एवढं कुतूहल 'लोक हे असं सांगतात' म्हटल्याने मिळतं.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. गॅझेटियरमध्ये आहे म्हणजे ते सिद्ध झालं, असं नाही. ही गोष्ट तिथेही कोळ्यांची कथा म्हणूनच दिली आहे. नोंद कथेची आहे, घटनेची नव्हे. दुसरं असं की त्या ग्रंथाचं इंग्रजी हाताशी असल्यामुळे त्यातली वाक्यं उचलायचा मोह होतो. गावांची, गडांची नावं पडताळायला तो उपयोगी आहे, पण वारली, काथोडी, ठाकूर या लोकांची त्यातली वर्णनं साहेबी नजरेची आहेत. ती आपल्या पत्रकात एका शब्दानेही येऊ देऊ नयेत.

शिरपामाळाच्या वाक्यात अडचण वेगळी आहे. 'मानाचा शिरपेच चढवण्यात आला': कोणी, कोणाला? मराठीत हे मोकळं सोडलं तरी चालतं, कारण वाचक गोष्ट आधीच जाणून असतो. इंग्रजीत कर्ता हवा. स्थानिक परंपरेप्रमाणे तो शिरपेच राजे विक्रमशाह यांनी महाराजांच्या शिरावर चढवला आणि त्यावरून त्या माळाला शिरपामाळ नाव पडलं. कर्ता न विचारता भाषांतर केलेल्या वाक्यात तोच शिरपेच महाराजांकडून विक्रमशाहांच्या डोक्यावर जाऊ शकतो आणि मान देणारा व घेणारा उलटे होतात. म्हणून अशा वाक्यापाशी थांबून मूळ मजकूर लिहिणाऱ्याला विचारावं. उत्तर माहीत असलं तरी विचारावं, कारण नंतर प्रश्न आला तर ते त्याच्या तोंडचं असायला हवं.

सुरतेची स्वारी जानेवारी १६६४ मधली, ही लेखी इतिहासातली गोष्ट आहे. शिरपेचाचा प्रसंग परंपरेतला आहे. दोन्ही एका वाक्यात गुंफले की पक्क्या तारखेचं वजन परंपरेलाही मिळतं, म्हणून वाक्यं वेगळी ठेवावीत. महाराजांचा उल्लेख पहिल्यांदा पूर्ण आदराने, 'छत्रपती शिवाजी महाराज' असाच करावा. पण ज्याला ते नाव नवं आहे त्याच्यासाठी मराठा राज्याचे संस्थापक एवढं जोडावं, आणि हा प्रसंग राज्याभिषेकाच्या दहा वर्षं आधीचा आहे हेही सांगावं. त्यामुळे प्रसंगाचा अर्थ खुलतो. अजून अभिषेक न झालेल्या पुरुषाला एका डोंगरी राजाने मान दिला, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. आणि 'लूट' या शब्दासाठी इंग्रजी इतिहासग्रंथांत रुळलेले 'रेड' किंवा 'सॅक' हे शब्द आहेत, ते वापरावेत. लपवाछपवी केली तर वाचक शोधून काढतोच.

या भेटीवरून 'जव्हार हे स्वराज्याचे कायमचे मित्रराज्य' असं मात्र लिहू नये. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं. पत्रकात ही हकीकत सांगायची जागा नाही, गरजही नाही. पण तिच्या विरुद्ध जाणारा शब्द आपल्याकडून पडता कामा नये. पत्रकाला सगळं सांगायचं बंधन नसतं. जे सांगितलं तेवढं टिकलं पाहिजे, एवढं मात्र असतं.

आता जयविलास. हा राजवाडा संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला, म्हणजे विसाव्या शतकातला आहे. यशवंतरावांचा जन्म १९१७ चा. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. अशा इमारतीला 'एन्शंट' म्हणणं म्हणजे सरळ खोटं सांगणं. आपल्याकडे पुराणवास्तूंच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात 'एन्शंट मॉन्युमेंट' या शब्दालाच निदान शंभर वर्षांची अट आहे. 'हेरिटेज' हा शब्द बोलण्यात सैल असला, तरी 'प्रोटेक्टेड मॉन्युमेंट' हा कायद्यातला शब्द आहे. सरकारी यादीत नाव असल्याची खात्री केल्याखेरीज तो लिहू नये. 'संरक्षित', 'वारसास्थळ' हे मराठी शब्द सहज लिहिले जातात, त्यांचं इंग्रजी करताना प्रत्येक वेळी विचारावं: कोणत्या यादीत, कोणत्या वर्षी?

मग राजवाड्याचा प्रचार कशाने करायचा? त्याच्या तरुणपणाने. ज्या राज्याची परंपरा स्वतःला चौदाव्या शतकापर्यंत नेते, त्याच्या अखेरच्या राजाने पाश्चात्त्य वळणाच्या खांबांचं आणि घुमटांचं घर सह्याद्रीच्या टेकडीवर बांधलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत राज्यच भारतात विलीन झालं. महादेव कोळी घराण्याने शतकानुशतकं चालवलेल्या राज्याची ही शेवटची मोठी वास्तू आहे. 'भव्य' हा शब्द एकदाही न येता वाचकाला ती बघावीशी वाटेल. आणि 'आदिवासी राजघराणं' हीच जव्हारबद्दलची सगळ्यात बळकट, सगळ्यात खरी गोष्ट आहे. ती बऱ्याच पत्रकांत चौथ्या ओळीत दडलेली असते. इंग्रजीत ती पहिल्या वाक्यात आणावी. वाक्यांचा क्रम बदलायचा अधिकार भाषांतरकाराला असतो, फक्त मूळ लिहिणाऱ्याला दाखवून.

राजवाड्याच्या नावात आणखी एक खड्डा आहे. ग्वाल्हेरला शिंद्यांचा जयविलास महाल आहे, तो कितीतरी अधिक प्रसिद्ध आहे. नुसतं नाव शोधून माहिती भरली की ग्वाल्हेरची झुंबरं जव्हारच्या पत्रकात येऊन लटकतात, आणि फोटोही तिकडचा लागू शकतो. म्हणून राजवाड्याचं नाव प्रत्येक वेळी गावासकट लिहावं. गावाचंही तसंच. Jawhar हेच लेखन शेवटपर्यंत एकसारखं ठेवावं. Jawahar लिहिलं तर ते नेहरूंकडे जातं, Jauhar लिहिलं तर राजस्थानातल्या जोहाराकडे. नकाशावर शोधणाऱ्याची गाडी भलतीकडे निघू नये, म्हणून छापण्याआधी पत्रकातलं प्रत्येक स्थळनाम त्याच स्पेलिंगने मोबाइलच्या नकाशात स्वतः टाइप करून बघावं.

'मिनी महाबळेश्वर' या उपाधीवर लोकांचं प्रेम आहे, आणि ते का आहे हे मला समजतं. पावसाळ्यात धुकं उतरतं, दऱ्या हिरव्या होतात, तेव्हा ती पटतेही. पण महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि जव्हार सुमारे ४५० मीटरवर. एप्रिल-मे मध्ये थंडावा शोधत आलेला पाहुणा रागावून परत जाईल. शिवाय ज्याने महाबळेश्वर पाहिलेलंच नाही त्याला या तुलनेतून काहीच कळत नाही. इंग्रजीत उपाधी ठेवायचीच असेल, तर स्थानिक लोक असं म्हणतात अशी ठेवावी आणि लगेच पुढे महिने सांगावेत: जून ते सप्टेंबर पाऊस आणि धबधबे, ऑक्टोबर ते फेब्रुवारी मोकळं आकाश आणि फिरायला बरी हवा. हे वाचून आलेला माणूस समाधानाने जातो.

आकड्यांचंही असंच. दाभोसा धबधब्याची उंची पत्रकात 'सुमारे ३०० फूट' असते. ती मीटरमध्ये करताना ९१.४४ लिहिलं की वाटतं कोणी फीत लावून मोजलं. 'सुमारे' गोल असेल तर उत्तरही गोलच हवं, 'सुमारे ९० मीटर'.

मोखाड्यासाठी वेगळं पान असतं आणि त्यावर बहुधा बोहाडा असतो. इथे सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. पुसट झालेला 'मास्क फेस्टिव्हल' हा शब्द वापरला की वाचकाच्या डोळ्यांसमोर व्हेनिसचा कार्निव्हल येतो. बोहाडा हा देवीच्या, जगदंबेच्या नावाने होणारा विधी आहे. रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर मुखवटे घातलेली देवांची आणि राक्षसांची सोंगं एकामागून एक नाचत येतात. 'बोहाडा' हा शब्द तसाच ठेवावा आणि पुढे एका वाक्यात रात्रभर चालणारा मुखवट्यांचा विधी-नाच असं सांगावं. 'सोंग' साठी 'कॉश्च्युम' कधीच नको. 'फ्युजन', 'कलरफुल', 'एक्झॉटिक' हे शब्दही नकोत, कारण मुखवटा घालणारा माणूस पाहुण्यांसाठी नाचत नाही. तारीख छापू नये. बोहाडा तिथीने येतो आणि गावागावांत वेगवेगळ्या दिवशी होतो. गेल्या वर्षीची तारीख छापली तर कुणी तरी कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे येईल आणि त्याला बंद गाभारा दिसेल. 'होळीच्या सुमारास, गावात चौकशी करून' एवढं पुरे. छायाचित्र काढण्याआधी गावकऱ्यांना विचारावं, ही ओळ मराठी पत्रकात नसली तरी इंग्रजीत घालावी.

मोखाड्याच्या पानावर आणखी एक चूक सहज होते. जव्हार आणि मोखाडा ही नावं आपण एका दमात घेतो, म्हणून इंग्रजीत दोन्ही 'जव्हार संस्थानात' टाकली जातात. इंग्रजी अमदानीत मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पेटा होता, ठाणे जिल्ह्यातला खालसा मुलूख. जव्हार मात्र संस्थान. दोन्हींचा जिल्हा आज पालघर, तोही १ ऑगस्ट २०१४ पासून. म्हणून मोखाड्याला राजवाड्याच्या गोष्टीत ओढू नये. सूर्यमाळ आणि देवबांध त्याची स्वतःची ओळख देण्याइतकी मोठी ठिकाणं आहेत.

लोकांविषयी लिहिताना 'प्रिमिटिव्ह', 'सिंपल', 'अनटच्ड' हे शब्द पूर्ण वर्ज्य. 'अस्पर्श निसर्ग' चं इंग्रजी 'अनटच्ड' होतं आणि ते खोटं आहे. इथल्या उतारांवर नागली आणि वरई पिकते, ती माणसांनी पिकवलेली असते. 'आदिवासी' हा शब्द इंग्रजीतही तसाच ठेवता येतो. त्याहून चांगलं म्हणजे नाव घेऊन लिहावं: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पाच नावं लिहिली की एका ढोबळ विशेषणाची गरज राहत नाही.

हे सगळं करताना मूळ मजकुरातल्या चुका गुपचूप दुरुस्त करू नयेत. मी भाषांतराबरोबर एक शंकापत्र देतो: वाक्य कुठलं, शंका काय, ती कशावरून आली आणि सुचवलेला पर्याय कोणता. जयबा-नेमशाहाची शंका तिथे गॅझेटियरच्या उल्लेखासह जाते. शिरपेचाची शंका नुसत्या प्रश्नाच्या रूपात जाते. हे दिलं नाही तर मराठी पत्रकात जयबा १३४३ आणि इंग्रजीत नेमशाह १३४३ राहतील, आणि दोन्ही पत्रकं एकाच टेबलावर ठेवलेली असतील.

घडीच्या पत्रकाच्या एका पानावर ऐंशी-नव्वद इंग्रजी शब्द सुखाने बसतात. विशेषणं गेली की तेवढ्यात कातड्याची गोष्ट, शिरपामाळ आणि राजवाडा नीट मावतात. शेवटच्या घडीवर, छपाईचा महिना आणि वर्ष लिहिलेल्या ओळीच्या वर, राजवाड्यात प्रवेश मिळतो का, कोणत्या वेळी, फोटो काढता येतात का, हे त्याच आठवड्यात फोन करून विचारून लिहावं. मागच्या पत्रकातून उचलू नये. वास्तू खाजगी असेल, तर तिचे मालक आपला विचार बदलू शकतात.